भूमितीच्या तासात जाहिरात: कुठे बसवावी, कोणत्या शब्दांत सांगावी

पत्र

मी घरी दहावीच्या शिकवण्या घेते आणि यूट्यूबवर मराठी माध्यमाच्या मुलांसाठी भूमिती आणि बीजगणित शिकवते. 86 हजार सदस्य आहेत. एका सराव-अ‍ॅपच्या कंपनीने एका व्हिडिओत एक मिनिटाच्या उल्लेखासाठी 40 हजार रुपये देऊ केलेत. उल्लेख पहिल्या दोन मिनिटांत हवा, मजकूर त्यांचाच हवा, आणि त्यात ‘मी स्वतः रोज वापरते’ असं वाक्य आहे. नवा माइक, दिवे आणि संकलन करणाऱ्या मुलाचा पगार यासाठी पैशांची गरज आहेच. पण मुलं मला ‘मॅडम, तुम्ही सांगाल ते’ म्हणतात. पैसे घेतले की हा विश्वास गेला, असं वाटतं. कंपनीच्या माणसाला नाही म्हटलं की संधी गेली, असंही वाटतं. काय करू?

(एक शिक्षिका, सांगली जिल्हा)

उत्तर

पैसे घेतल्याने विश्वास जातो हे तुम्ही धरून चालला आहात. माझा अनुभव वेगळा आहे. मी विज्ञानाचे व्हिडिओ करायचो तेव्हा एका कंपनीचा मजकूर जसाच्या तसा वाचला होता. त्यातही ‘मी वापरतो’ हे वाक्य होतं. मी ते अ‍ॅप दोनदा उघडलं होतं, तेही रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री. तीन आठवड्यांनी एका मुलीने लिहिलं, ‘सर, तुम्ही वापरता म्हणालात म्हणून बाबांकडून पैसे मागून घेतलं. यात आमच्या पुस्तकातले प्रश्नच नाहीत.’ मला पैसे मिळाले याबद्दल तिची तक्रार नव्हती. जे मी केलं नव्हतं ते केलं म्हणून सांगितलं, हे तिला टोचलं होतं. त्या दिवशी मी तिला दिलेलं उत्तर आजही मला पुरेसं वाटत नाही.

म्हणून तुमच्या पत्रातला खरा अडसर 40 हजार रुपये हा नाही. तो ‘मी स्वतः रोज वापरते’ या चार शब्दांत आहे. दहावी भूमिती शिकवणाऱ्या बाईंना दहावीचं सराव-अ‍ॅप रोज वापरायचं कारणच काय? मुलांना हे लगेच कळतं. शिवाय कायदाही याच जागी बोट ठेवतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्र सरकारची जून 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की, शिफारस करणाऱ्याचं मत खरं हवं आणि ते पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर उभं हवं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार खोटी शिफारस करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा तसंच केलं तर 50 लाखांपर्यंत. दावा नीट तपासून पाहिला होता, हे दाखवता येणं हा त्यातला बचाव आहे. तेव्हा वाक्य खरं करा, नाहीतर काढून टाका.

खरं कसं करायचं ते सांगतो. होकार देण्याआधी तीन आठवडे मागून घ्या. कंपनी तुम्हाला सगळं खुलं असलेलं खातं देईल, ते घेऊ नका. शिकवणीतल्या एखाद्या मुलाला जसं दिसेल तसं, घरातल्या दुसऱ्या फोन नंबरवरून नवं खातं उघडा. ‘समरूपता’ आणि ‘वर्तुळ’ या दोन प्रकरणांचे वीस-वीस प्रश्न वही घेऊन सोडवा. उत्तरं बरोबर आहेत का, पायऱ्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या पद्धतीने दिल्यात का, संज्ञा मराठी माध्यमाच्या आहेत की कुठूनतरी भाषांतर करून आणल्यात, हे बघा. ‘संगत कोन’ ऐवजी भलताच शब्द दिसला तर मूल तिथेच अडकतं. मग पैसे भरून बघा, सदस्यत्व रद्द करून बघा आणि पैसे परत मागून बघा. त्या नंबरवर पुढचे काही दिवस विक्रीचे किती फोन येतात तेही लिहून ठेवा. तुमचा उल्लेख ऐकून जो बाप आपला नंबर देणार आहे, त्याला हेच फोन येणार आहेत. तारखांसकट ही नोंदवही म्हणजेच तुम्ही दावा तपासल्याचा पुरावा.

वीसपैकी तीन उत्तरं चुकलेली निघाली तर बोलणी तिथेच थांबवा. शिक्षिकेला इथे दुसरा पर्याय नसतो. एखादंच चुकलं असेल तर कंपनीला कळवा आणि ते किती दिवसांत दुरुस्त करतात ते पाहा. त्या कंपनीबद्दल त्यांच्या सादरीकरणातून कळणार नाही एवढं तुम्हाला त्यातून कळेल.

आता जागेचा प्रश्न. पहिल्या दोन मिनिटांची मागणी हट्टातून आलेली नसते. व्हिडिओ पुढे जातो तसे बघणारे कमी होतात, म्हणून कंपनीला सुरुवात हवी असते. तिची भीती खरी आहे, आणि तुमची अडचणही खरी आहे. समजा धडा प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाचा आहे, अठरा मिनिटांचा. पहिल्या दोन मिनिटांत तुम्ही त्रिकोण काढता, एका बाजूला समांतर रेषा काढता आणि काय सिद्ध करायचं ते मांडता. पुढची साधारण साडेपाच मिनिटं सिद्धतेची. समान उंचीच्या त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर त्यांच्या पायांच्या गुणोत्तराइतकं असतं, ही गोष्ट मुलाने डोक्यात धरून ठेवलेली असते आणि तिच्यावर पुढची पायरी रचायची असते. तिथे मिनिटभर दुसरं काही बोललात तर हातातलं सुटतं आणि मूल मागे जाऊन पुन्हा पाहतं, किंवा पाहतच नाही. पक्ष आणि साध्य यांच्यामध्ये, साध्य आणि सिद्धतेच्या मध्ये, सिद्धतेच्या पायऱ्यांमध्ये जाहिरात नाही, एवढी एक रेघ तुम्ही स्वतःसाठी मारून घ्या. पैसे दुप्पट केले तरी ती हलवायची नाही.

मग जागा कुठे? जिथे धडा स्वतःच थांबतो तिथे. तुम्ही सिद्धता संपवता, एक उदाहरण सोडवून दाखवता आणि म्हणता, ‘आता पुढचं तुम्ही सोडवा, व्हिडिओ थांबवा.’ त्या वाक्याच्या अगदी आधीचा क्षण. एक काम संपलेलं असतं, दुसरं सुरू झालेलं नसतं. समजा ही जागा 9 मिनिटं 20 सेकंदांवर येते.

कंपनी म्हणेल, तोवर किती मुलं उरतात? याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचा प्रेक्षक टिकण्याचा आलेख असतो. गेल्या दहा धड्यांचे आलेख उघडा. दीड मिनिटाला किती टक्के होते आणि साडेनऊ मिनिटांना किती, हे वहीत लिहा. पहिल्या तीस दिवसांची दृश्यंही लिहा. दृश्यांचे दहा आकडे चढत्या क्रमाने लावून मधल्या दोघांची सरासरी घ्या. सगळ्यांची सरासरी काढू नका, कारण परीक्षेच्या तोंडावर टाकलेला एखादा व्हिडिओ चौपट चाललेला असतो आणि तो हिशेब फुगवतो. फुगवलेला आकडा सांगून केलेला सौदा पुढच्या वेळी आपल्यावरच येतो.

समजा पहिल्या महिन्यात 22 हजार दृश्यं येतात. दीड मिनिटाला 60 टक्के, म्हणजे 13,200 मुलं असतात. 9:20 ला 40 टक्के, म्हणजे 8,800. कंपनीने 13,200 जणांसाठी 40 हजार देऊ केले, म्हणजे माणशी साधारण तीन रुपये. त्याच दराने उशिराच्या जागेचे 26 हजारांच्या आसपास होतात. बहुतेक जण इथे येऊन थांबतात. एकतर 14 हजार सोडून देतात, नाहीतर जाहिरात पुढे आणतात.

पण तुमचा व्हिडिओ एका महिन्यात संपत नाही, आणि शिकवण्याच्या चॅनेलची ताकद नेमकी तिथे आहे. गमतीचा व्हिडिओ आठवड्यात थंडावतो. मूलभूत प्रमेयाचा धडा जूनमध्ये पाहिला जातो, सहामाहीला पाहिला जातो, आणि बोर्डाच्या परीक्षेआधी फेब्रुवारीत तर सगळ्यात जास्त. गेल्या वर्षीचा असाच एक धडा काढून मार्चअखेरपर्यंतची दृश्यं बघा. समजा ती 70 हजार आहेत. त्यांचे 40 टक्के म्हणजे 28 हजार मुलं. उशिराच्या जागेवरही कंपनीला वर्षभरात पहिल्या महिन्यातल्या सुरुवातीच्या जागेच्या दुपटीहून जास्त ऐकणारे मिळतात. 40 हजारांना 28 हजार, म्हणजे माणशी दीड रुपयाहून कमी. महिन्याचा दर देऊन वर्षाची शेपटी त्यांना फुकट मिळत होती, आणि बोलणीत तुमच्या हातात असलेला हाच पत्ता तुम्ही टाकला नव्हता.

तेव्हा माझा सल्ला असा की दर कमी करू नका. जागा तुमची, रक्कम त्यांची, आणि उल्लेखाची मुदत 31 मार्चपर्यंत. सोबत सुरुवातीला पाच-सहा सेकंदांचं एक वाक्य द्या: ‘या व्हिडिओसाठी अमुक कंपनीने पैसे दिलेत, त्याबद्दल नवव्या मिनिटाला सांगते. आता आकृती काढा.’ कंपनीचं नाव सगळ्यांच्या कानावर पडतं, आणि मुलांना जाहिरात येणार हे आधीच कळतं. हे वाक्य मी सौजन्य म्हणून सुचवत नाही. पुढे नऊ मिनिटं तुम्ही शिकवणार आहात, आणि तुम्ही कोणाच्या पैशांवर बोलताय हे ठाऊक असलेल्या मुलासमोर शिकवणार आहात.

मुदतीचा मुद्दा का, तेही सांगतो. यूट्यूबवर त्याच दुव्यावर जुना व्हिडिओ काढून नवा टाकता येत नाही. मात्र स्टुडिओतल्या संपादकातून टाकलेल्या व्हिडिओचा मधला भाग कापता येतो, आणि दुवा, दृश्यं, प्रतिक्रिया तशाच राहतात. (एक लाखाहून जास्त दृश्यं झालेल्या व्हिडिओला ही सोय बंद होते, पण यूट्यूबच्या भागीदार कार्यक्रमातल्या चॅनेलना ती अट नाही.) म्हणून उल्लेख असा चित्रित करा की तो कापला तरी धड्यात भोक पडणार नाही. त्याच्या आधी आणि नंतर श्वासभर थांबा, फळ्यावर तीच आकृती तशीच ठेवा, आणि त्या पाऊण मिनिटात भूमितीचं एकही वाक्य बोलू नका. सुरुवातीचं वाक्यही तसंच सुटं ठेवा. पुढच्या वर्षी अ‍ॅपची किंमत बदलेल, कंपनी विकली जाईल, कदाचित बंद पडेल. तुमचा धडा तेव्हाही कोणीतरी पाहत असेल.

मजकुराचं बघू. त्यांनी पाठवलेला साधारण असा असतो:

‘मित्रांनो, भूमितीची भीती वाटते? आता विसरा! मी स्वतः रोज हे अ‍ॅप वापरते आणि माझ्या विद्यार्थ्यांचे गुण दुप्पट झालेत. ऑफर फक्त आजच, लगेच लिंकवर क्लिक करा!’

यात चार गोष्टी जातात. रोजचा वापर खोटा. गुण दुप्पट झाल्याचा तुमच्याकडे पुरावा नाही, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या जाहिरातींसाठी आलेली तत्त्वं हमखास यशाच्या दाव्यांना मनाई करतात. ‘फक्त आजच’ हे फेब्रुवारीत पाहणाऱ्या मुलासाठी खोटंच ठरणार. आणि ‘लगेच’ हे पंधरा वर्षांच्या मुलाला सांगायचं नाही, कारण पैसे त्याचे नसतात. तीन आठवड्यांच्या तपासणीनंतर तुम्ही म्हणू शकाल ते असं काहीसं असेल:

‘हा भाग जाहिरात आहे. अमुक कंपनीने या व्हिडिओसाठी मला पैसे दिलेत. त्यांच्या अ‍ॅपमध्ये दहावी भूमितीचे सराव प्रश्न प्रकरणानुसार आहेत. मी तीन आठवडे समरूपता आणि वर्तुळ या प्रकरणांचे प्रश्न सोडवून पाहिले. आकृत्या स्वच्छ आहेत, उत्तराच्या पायऱ्या दिल्या आहेत. सिद्धता लिहिण्याचा सराव यात होत नाही, तो वहीतच करायचा. पहिलं प्रकरण फुकट आहे, ते आधी वापरून बघा. पैसे भरायचे असतील तर घरी विचारा. हे नसलं तरी माझे धडे तुम्हाला पूर्ण समजतील. चला, वही घ्या.’

सावकाश बोललात तरी पाऊण मिनिटात होतं. ‘सिद्धता यात होत नाही’ या वाक्यावर कंपनीचा माणूस अडेल. त्याला सांगा की त्या एका वाक्यामुळेच बाकीची वाक्यं मुलं खरी मानतील, आणि सिद्धतेसाठी अ‍ॅप घेऊन निराश झालेला मुलगा पैसे परत मागायला त्यांच्याकडेच येईल. मजकूर मंजुरीला पाठवा, पण मंजुरी वस्तुस्थितीपुरती असेल असं करारात लिहा. किंमत, नाव, सोयी चुकल्या असतील तर ते दुरुस्त करतील. तुमचं मत ते बदलणार नाहीत. त्यांनी स्वतः तयार केलेली जाहिरातीची फिल्म मध्ये चिकटवायला दिली तर घेऊ नका, यूट्यूबच्याच नियमांत ते बसत नाही.

पडद्यावर काय दिसायला हवं? व्हिडिओ टाकताना सशुल्क प्रचाराचा रकाना निवडायचा, मग सुरुवातीला दहा सेकंद तशी सूचना दिसते. तेवढ्यावर भागत नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या तत्त्वांनुसार दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत, ज्या भागात वस्तूचा उल्लेख आहे तो पूर्ण भाग होईपर्यंत लेबल दिसत राहिलं पाहिजे. कोपऱ्यात ‘जाहिरात’ असा शब्द ठेवा, मराठीत आणि वाचता येईल एवढ्या आकारात. खालच्या माहितीत व्हिडिओचे भाग लिहिता, तिथेही लपवू नका:

```
0:00 आजचं प्रमेय
2:05 सिद्धता
7:30 सोडवलेलं उदाहरण
9:20 जाहिरात
10:05 आता तुम्ही सोडवा
```

मुलं ती ओळ पाहून जाहिरात ओलांडतील. उजळणीला चौथ्यांदा आलेल्या मुलाने ती ओलांडलीच पाहिजे, त्याने एकदा ऐकलेली आहे.

करारात आणखी दोन कलमं जिथे लोक फसतात. एक, क्लिप वापरण्याचे हक्क. ‘कंपनी हा मजकूर कुठेही, कायमस्वरूपी वापरू शकेल’ अशी ओळ बहुतेक कागदांत असते. त्याचा अर्थ तुमचा चेहरा आणि आवाज कापून त्यांच्या इन्स्टाग्रामच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं चालू राहील, आणि ‘सिद्धता वहीतच करा’ हे वाक्य त्यातून गळालेलं असेल. ही ओळ खोडा. त्यांना क्लिप हवीच असेल तर तीन महिन्यांची मुदत, न कापता पूर्ण क्लिप, आणि वेगळे पैसे. दुसरं, नोंदणीमागे कमिशन. ठरलेली रक्कम कमी करून ‘जितकी मुलं येतील तितके जास्त’ असं सुचवतील. घेऊ नका. मग प्रत्येक धड्यात एकदा तरी आठवण करून द्यावीशी वाटेल, आणि तुम्ही ते कधी सुरू केलं हे तुम्हालाच कळणार नाही.

व्हिडिओ गेल्यावर दोन आठवड्यांनी आलेख पुन्हा उघडा. 9:20 ला रेघ खाली जाईल, त्याने घाबरू नका. 10:05 नंतर ती वर आली तर मुलं जाहिरात ओलांडून धड्यावर परतली. ती खालीच राहिली आणि जुन्या धड्यांत त्याच जागी तशी पडत नसेल, तर जाहिरातीपाशी मुलं निघून गेली. मग पुढच्या वेळी जागा किंवा लांबी बदलावी लागेल. याहून लवकर कळण्याची जागा तुमच्या घरातच आहे: शिकवणीची मुलं. त्यांच्यापैकी कोणी ‘मॅडम, घेऊ का?’ असं विचारलं तर व्हिडिओतलंच उत्तर द्या. समोरासमोर तुम्हाला वेगळं उत्तर द्यावंसं वाटलं, तर व्हिडिओतलं वाक्य चुकलंय आणि ते कापायला 31 मार्चची वाट पाहू नका. चूक आढळल्यास कधीही उल्लेख काढण्याचा हक्क करारात ठेवा तो यासाठीच.

कंपनीच्या माणसाला आता पाठवायचं उत्तर लहान ठेवा:

‘नमस्कार. तीन आठवडे अ‍ॅप तपासून होकार कळवते. उल्लेख 9 मिनिटं 20 सेकंदांच्या सुमारास, पाऊण मिनिट, माझ्या शब्दांत. सुरुवातीला तुमच्या नावाचं एक वाक्य. सोबत गेल्या दहा धड्यांचे आलेख आणि एका धड्याची वर्षभराची दृश्यं जोडली आहेत. मुदत 31 मार्च, रक्कम तुम्ही कळवलेलीच, निम्मी करारावेळी. क्लिप इतरत्र वापरायची असल्यास वेगळं बोलू.’

पहिला मजकूर ही त्यांचीही सुरुवातच असते, आणि आकड्यांसह आलेल्या उत्तरावर बहुतेक जण पुढची चर्चा करतात. हा करणार नसेल तर धडा ठरलेल्या दिवशी तसाच टाका. आणि दुसरी कंपनी आली तर पहिला प्रयोग प्रमेयाच्या धड्यावर करू नका, सरावसंच सोडवण्याच्या व्हिडिओवर करा. तिथे दर उदाहरणानंतर धडा आपोआप थांबतो, त्यामुळे जागा शोधावी लागत नाही.